जाते नव्हे, येते म्हण

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर ‘निर्गमन’ लिहिलेल्या दारांपाशी उभं राहिलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. दारावरच्या जवानाला तिकीट आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय कुणाला आत जाता येत नाही. निरोप घ्यायचा तो बाहेरच, गाडी थांबते तिथून दारापर्यंतच्या पन्नास-साठ पावलांत. त्या पावलांमध्ये ओवाळणं होतं, हातावर दही-साखर ठेवली जाते, आजीचा फोन लावून दिला जातो आणि फोटो काढला जातो. मधे बॅगांची ढकलगाडी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील आणि मागे मामा, काका, चुलत भावंडं.

परतीच्या वाटेवर तो फोटो स्टेटसला लागतो. त्याखालची ओळ थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असते. ‘आमची लेक उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला रवाना. अभिमानाचा क्षण.’ पुढे तिरंगा, विमान आणि जोडलेले हात. गावात पोचेपर्यंत दोनशे लोकांनी ती ओळ पाहिलेली असते, आणि चौकात अभिनंदनाचा फलक लावायचं कुणीतरी ठरवलेलंही असतं.

ओळ खोटी नसते. अभिमान खरोखरच असतो. तरीही ती अर्धीच असते, कारण फोटोतल्या वडिलांच्या खिशात बँकेचं मंजुरीपत्र असतं आणि आईच्या मनात एका खोलीचा पत्ता, जो तिला नीट उच्चारताही येत नाही. त्या अर्ध्या राहिलेल्या भागाबद्दल हा लेख आहे. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यातलं दुसरबीड डोळ्यांपुढे ठेवू. इथे एक घर हिशेबासाठी उभं केलं आहे. घर कल्पनेतलं आहे, पण त्याला लागू केलेले नियम आणि सरकारी दर खरे आहेत.

सात-बारा आणि बँक

दुसरबीडचा परिसर सोयाबीन, कापूस आणि तुरीचा. जिजामाता सहकारी साखर कारखाना इथेच उभा राहिला आणि इथेच बंद पडला. शेतीबाहेर जवळपास फारशी कामं नाहीत, म्हणून शिकलेलं पोर संभाजीनगरला किंवा पुण्याला जातं. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून, आणि जून २०२५मध्ये तो थेट मुंबईच्या वेशीपर्यंत खुला झाल्यापासून, मुंबईचं विमानतळ एका दिवसाच्या टप्प्यात आलं आहे. रस्ता जवळ आला, कर्ज मात्र जवळ आलं नाही.

आपल्या घरातली मुलगी अभियांत्रिकी पदवीधर आहे. इंग्लंडच्या एका विद्यापीठात वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आहे. वडिलांच्या नावावर दहा एकर जमीन आहे. गावाच्या मोजमापाने हे चांगलं खातंपितं घर. वडील सात-बारा आणि आठ-अ घेऊन बँकेत जातात, आणि तिथे त्यांना पहिला धक्का बसतो. शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँक शेतजमीन घ्यायला तयार नसते.

कारण कायद्यात आहे. २००२च्या सरफेसी कायद्याने बँकांना एक मोठा अधिकार दिला. कर्ज थकलं तर साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दाव्याची वाट न पाहता, बँकेला तारण ताब्यात घेऊन विकता येतं. पण त्याच कायद्याच्या कलम ३१ने शेतजमीन यातून वगळली आहे. शेतकऱ्याची जमीन झटपट लिलावात जाऊ नये म्हणून ही तरतूद झाली, आणि ती योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की जी मालमत्ता सहज विकता येत नाही, तिच्यावर बँक पीककर्ज देते, तीस-पस्तीस लाखांचं शैक्षणिक कर्ज सहसा देत नाही. तिला बिगरशेती प्लॉट हवा असतो, शहरातला फ्लॅट हवा असतो, नाहीतर मुदत ठेव.

मग वडील गावातलं घर पुढे करतात. त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. पण तो करआकारणीचा उतारा आहे, मालकी सिद्ध करणारा दस्त नव्हे. एप्रिल २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत, त्यामुळे ही अडचण हळूहळू कमी होईल. तरी गावातल्या घराला गिऱ्हाईक किती आणि भाव काय, हा प्रश्न बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्यापुढे उरतोच.

शेवटी मामा पुढे येतात. ते संभाजीनगरला नोकरीला आहेत, त्यांचा तिथे फ्लॅट आहे, पगाराची पावती आहे, आयकराचं विवरणपत्र आहे. फ्लॅट तारण पडतो आणि मामा सहकर्जदार होतात. विमानतळावरच्या फोटोत ते मागच्या रांगेत हसत उभे असतात. त्या ओळीत त्यांचं नाव नसतं. पण हप्ता चुकला तर पहिला फोन त्यांना जाणार असतो, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाला पुढे कर्ज लागलं तर आधी हे कर्ज दिसणार असतं. म्हणून त्या रात्री मामींनाही झोप येत नाही.

जिथे असा मामा नसतो, तिथे सावकाराची पायरी येते. व्यवहार गहाणखताचा न करता खरेदीखताचा केला जातो आणि ‘पैसे परत केले की जमीन परत’ एवढं तोंडी ठरतं. कागदावर मात्र जमीन विकलेली असते. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यानुसार अशा व्यवहाराची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण तोंडी ठरलेलं सिद्ध करणं फार जड जातं. शिक्षणासाठी कुणीही खरेदीखतावर सही करू नये. प्रवेश एका वर्षाने पुढे ढकलता येतो, गेलेली जमीन तशी परत येत नाही.

अठ्ठावीस दिवस

इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२५पासून लंडनबाहेर शिकणाऱ्यासाठी हा आकडा दरमहा १,१७१ पौंड आहे आणि तो जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा धरतात. म्हणजे १०,५३९ पौंड. शिवाय पहिल्या वर्षाचं जे शुल्क भरायचं राहिलं असेल ते. कर्जाच्या मंजुरीपत्रातून यातला काही भाग दाखवता येतो. उरलेला भाग खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो, आणि ते खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं असावं लागतं. मामा-काकांच्या खात्यातली रक्कम चालत नाही.

या अठ्ठावीस दिवसांत घर श्वास रोखून असतं. मामांनी दिलेले, सोयाबीन विकून आलेले, आत्याने उसने दिलेले असे सगळे पैसे वडिलांच्या खात्यात एकत्र येतात. आणि तेच खातं पीककर्जाचं, विम्याचं, अनुदानाचंही असतं. मधल्या एखाद्या दिवशी बँकेने विम्याचा हप्ता वळता केला आणि शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली गेली, तर मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते. ते लक्षात न येता अर्ज गेला तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि त्या अर्जाची फी बुडते. म्हणून या कामासाठी वेगळं बचत खातं उघडावं, त्याला कोणतंही कर्ज किंवा विमा जोडलेला नसावा, आणि लागणाऱ्या रकमेपेक्षा वीस-पंचवीस हजार रुपये जास्तच ठेवावेत. दर पौंडात मोजला जातो आणि पौंड रोज वरखाली होतो.

याच ठिकाणी काही दलाल ‘महिनाभर पैसे दाखवून देतो’ म्हणून पुढे येतात. ते महिन्याचं व्याज घेतात, खात्यात रक्कम टाकतात आणि काम झालं की काढून घेतात. यातला मोठा धोका बनावट कागदाचा आहे. खोटं विवरणपत्र किंवा खोटं मंजुरीपत्र जोडल्याचं उघड झालं, तर त्या देशाचा व्हिसा दहा वर्षांपर्यंत मिळत नाही. दोष दलालाचा असतो, पण अर्जावर सही मुलीची असते.

सोयाबीनच्या मापाने

आता पूर्ण खर्च एका जागी मांडू. पौंड ११५ रुपयांचा आणि विद्यापीठाचं शुल्क २०,००० पौंड धरू. शुल्काचे २३ लाख होतात. नऊ महिन्यांच्या राहण्याचे सुमारे १२ लाख १२ हजार. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आहे. बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणून तो दीडपट भरावा लागतो. त्याचे सुमारे १ लाख ३४ हजार. व्हिसाची फी, क्षयरोगाची तपासणी, तिकीट आणि गरम कपड्यांना दीड लाख. बेरीज होते ३८ लाखांच्या जवळ.

यातले आठ लाख घरातून उभे राहिले आणि तीस लाखांचं कर्ज झालं असं समजू. व्याजदर अकरा टक्के. अभ्यासक्रमाचं एक वर्ष आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही अशी सवलत मिळाली. ऐकायला ही सवलत मोठी वाटते, पण व्याज थांबलेलं नसतं. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं तर दोन वर्षांत सहा लाख साठ हजार व्याज चढतं. मग ३६ लाख ६० हजारांचा दहा वर्षांचा हप्ता सुरू होतो, महिन्याला सुमारे ५०,४०० रुपये.

वडिलांच्या डोक्यात हा आकडा रुपयांत बसत नाही. ते तो सोयाबीनमध्ये मोजतात. २०२५-२६साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. एका महिन्याचा हप्ता म्हणजे साडेनऊ क्विंटल, वर्षाचा म्हणजे सुमारे ११३ क्विंटल. कोरडवाहू एकराला सात क्विंटल उतारा धरला तर सोळा एकरांचं सगळं पीक हप्त्यात जाईल. बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांच्यासाठी त्यातून एक पोतंही काढायचं नाही. आपल्या घराकडे जमीनच दहा एकर आहे, आणि बाजारात हमीभाव मिळेलच याची खात्री कुणाला नसते.

तोच हप्ता पौंडात मोजला तर सुमारे ४४० पौंड होतो. तिथे पूर्ण वेळ नोकरी असलेल्या माणसाला हे जड नाही. शेतीच्या मापाने अशक्य आणि परदेशी पगाराच्या मापाने सोपं, असं हे एकच कर्ज आहे. मधे उभी आहे फक्त नोकरी. त्या एका नोकरीवर अख्खं घर टेकलेलं असतं. विमानतळावर वडील हसतात आणि काहीच बोलत नाहीत, त्याचं कारण हे असतं.

नोकरीचे नियमही आधी माहीत असावेत. इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षणानंतर काम शोधायला मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची होणार आहे. त्यानंतर थांबायचं तर कुशल कामगाराचा व्हिसा लागतो. जुलै २०२५पासून त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नव्याने कामाला लागणाऱ्यांना काहीशी सवलत मिळून ती ३३,४०० पौंडांवर येते. एवढ्या पगाराची आणि परदेशी उमेदवार घ्यायला परवाना असलेल्या मालकाची नोकरी अठरा महिन्यांत मिळवायची, हा खरा दुसरा प्रवेश आहे. तो मिळाला नाही आणि मुलगी परत येऊन पुण्यात पस्तीस हजारांवर लागली, तर हप्ता पगारापेक्षा मोठा असतो.

हिशेबात आणखी एक फट आहे, ती सहसा कुणाला दिसत नाही. नियम नऊ महिन्यांचा खर्च दाखवायला सांगतो, पण वर्ष बारा महिन्यांचं असतं. उरलेल्या तीन महिन्यांचे ३,५१३ पौंड, म्हणजे सुमारे चार लाख रुपये, कोणत्याच कागदावर नसतात. ते मुलीने अर्धवेळ काम करून भरायचे, असं न बोलता ठरलेलं असतं. अभ्यासाच्या काळात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. काम लगेच मिळालं नाही की मुलं जेवण कमी करतात, एका खोलीत तिघं राहतात, किंवा रोखीने वीस तासांच्या पुढे राबतात. हे शेवटचं उघडकीला आलं तर व्हिसाच जातो. म्हणून ती चार लाखांची फट जायच्या आधीच भरून ठेवावी, नाहीतर तेवढ्याने खर्च कमी असलेलं विद्यापीठ निवडावं.

जर्मनीचा हिशेब वेगळा पडतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरो विद्यार्थ्यालाच मिळतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर हे बारा लाखांच्या आत बसतं. भाषा शिकावी लागते, कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं, शिक्षणही बहुधा दोन वर्षांचं असतं. पण दहा एकरांच्या घराला झेपेल असा हा आकडा आहे.

बॅगेतलं तूप

निघण्याच्या आदल्या रात्री बॅग वजनकाट्यावर चढते. तेवीस किलोंची मर्यादा असते आणि आईचं सामान तीस किलोंचं असतं. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, पापड, कुरडया, मेतकूट, गोधडी आणि घरच्या म्हशीच्या तुपाचा डबा. बॅग पुन्हा उघडते आणि एकेक वस्तू बाहेर येते.

तूप तर वजनात बसलं तरी नेता येत नाही. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास बंदी आहे, जर्मनीतही तोच नियम आहे. त्यात तूप आलं, पेढे आले, खव्याची बर्फी आली. हे माहीत नसेल तर तिथल्या कस्टममध्ये डबा काढून घेतला जातो, आणि परक्या देशातल्या पहिल्या तासाला मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं. सुक्या चटण्या आणि पापड न्यायला हरकत नसते. आईला हे आधी सांगितलं तर ती तुपाऐवजी आणखी एक चटणी कांडते. तिला काहीतरी द्यायचं असतं, ते काय हे तिच्यासाठी दुय्यम असतं.

दारातून निघताना मुलगी पाया पडते आणि म्हणते, ‘जाते आई.’ आजी तिथल्या तिथे सुधारते, ‘जाते नको म्हणू, येते म्हण.’ आपल्याकडे उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणत नाहीत. शेतावर निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणूनच निघतो. हा नुसता शकुन नाही. जाणाऱ्याला त्या एका शब्दात परतीची परवानगी दिलेली असते.

विमानतळावरच्या ओळीतून नेमका हाच शब्द गळतो. ‘रवाना’, ‘भरारी’, ‘सातासमुद्रापार’ हे सगळे शब्द जाण्याचे आहेत. त्यांत येण्याची जागा नाही. आणि एकदा दोनशे लोकांनी ती भरारी पाहिली, चौकात फलक लागला, की मुलीला खाली उतरणं अवघड होतं. गावाकडून प्रत्येक फोनला एकच प्रश्न जातो, ‘लागली का नोकरी?’ मग तीही आपली ओळ लिहायला लागते. बर्फात उभं राहून काढलेला फोटो, खाली ‘स्वप्नातलं जग’. एका बाजूला घर काळजी लपवतं, दुसऱ्या बाजूला मूल. दोघेही एकमेकांना सांभाळण्यासाठीच लपवतात, आणि त्यामुळे दोघांनाही एकमेकांची खरी स्थिती कळत नाही.

लपवण्याची जुनी रीत

ही लपवाछपवी आजची नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि त्याच जूनमध्ये न्यू यॉर्कला पोचल्या. निघण्याआधी फेब्रुवारीत त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात सभेपुढे उभं राहून आपण का जातो आहोत हे सांगितलं होतं. सबंध देशाचं लक्ष त्यांच्यावर होतं. फिलाडेल्फियाच्या थंडीत शेकोटीच्या धुराने कोंदलेल्या खोलीत त्या राहिल्या, प्रकृती ढासळत गेली, तरी त्यांनी शिक्षण सोडलं नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं, वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधी. इतक्या लोकांच्या अभिमानाचा भार घेऊन गेलेल्या मुलीला अर्ध्यातून परतणं किती कठीण असेल, हे आज पदव्युत्तर शिक्षणाला गेलेल्या कुणालाही समजेल.

वऱ्हाडातली गोष्ट डॉ. पंजाबराव देशमुखांची. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा १९२०मध्ये इंग्लंडला गेला. वडील शामरावांनी त्यासाठी जमीन गहाण टाकून पैसे उभे केले. एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून, डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन पंजाबराव परतले. पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडात मंत्री झाल्यावर शेतकऱ्याला सावकारी कर्जातून सोडवण्याच्या कामात ते पडले आणि कर्ज लवादाच्या कायद्याशी त्यांचं नाव जोडलं गेलं. घरची जमीन गहाण पडलेली ज्याने पाहिली, त्याला तो कायदा का हवा हे कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

आणि सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३मध्ये न्यू यॉर्कला गेले. करार होता परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा. वडील त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले होते. कोलंबियानंतर ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७मध्ये तिथला अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. परत येताना त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन तो पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३मध्ये डी.एस्सी. पुरी केली. अर्ध्यातून परत येणं म्हणजे हरणं नव्हे, याचा याहून मोठा दाखला मराठी माणसाला शोधावा लागणार नाही.

दुसरबीडच्या शेजारच्या लोणार तालुक्यातलं पिंपरी खंदारे हे गाव. तिथल्या शेतकरी घरातले, घरात पहिल्यांदा शिकलेले राजू केंद्रे ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोएस संस्थेत शिकले. ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं नाही अशा मुलांना मोठ्या संस्थांपर्यंत पोचवण्याचं काम त्यांनी उभारलेली एकलव्य संस्था करते. चेवनिंगला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. त्या शिष्यवृत्तीत ‘येते’ हा शब्द करारातच लिहिलेला आहे. तो कुणी अपमान मानत नाही.

शिष्यवृत्त्यांची चौकशी कर्जाच्या आधी झाली पाहिजे, पण बहुतेक घरांत ती नंतर होते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या खात्यांच्या योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांनाही जागा आहे. जागा मोजक्या आहेत, विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते, मुदती उन्हाळ्याच्या आसपास येऊन निघून जातात. म्हणून तयारी दीड वर्ष आधी, पदवीच्या शेवटच्या वर्षालाच सुरू करावी.

ओळीआधीचं बोलणं

मग विमानतळावर काय लिहायचं? फोटो काढावा, अभिमान लिहावा. त्यात काही वावगं नाही. पण त्याआधी, निघायच्या आठवडाभर आधी, घरात एक बैठक व्हावी आणि त्यात मामा-मामींनीही बसावं. एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. हप्ता किती आणि कधीपासून. नोकरी लागली नाही तर किती महिने थांबायचं आणि कोणत्या तारखेला परत यायचं. परत आली तर हप्ता कोण किती भरणार. आणि आजारपण आलं, पैसे संपले तर पहिला फोन कुणाला. परतीची तारीख कागदावर असली की परतणं हा ठरवलेला मार्ग होतो, शरमेचा राहत नाही.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवायला मुलीला सांगावं. अधिभार भरलेलाच असतो, नोंदणी मात्र स्वतः करावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नाव टाकून ठेवावं, म्हणजे अडचणीत दूतावासाला तिचा पत्ता माहीत असतो. आणि आई-वडिलांनी फोनवरच्या बदलाकडे लक्ष ठेवावं. कॅमेरा सुरू करायचं टाळणं, प्रत्येक वेळी ‘आत्ताच जेवले’ म्हणणं, खोलीत कोण राहतं ते न सांगणं, रात्री अवेळी जागं असणं, आणि कधीच पैसे न मागणं. यातलं शेवटचं लक्षण आपल्याला समजूतदारपणाचं वाटतं. बऱ्याचदा तेच सगळ्यांत काळजीचं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं एक तास मागे जातात. आपल्यातलं आणि त्यांच्यातलं साडेचार तासांचं अंतर साडेपाच तासांचं होतं. त्याच सुमाराला दुसरबीडच्या शेतांत सोयाबीनची मळणी चाललेली असते आणि दारात आकाशकंदील लागलेले असतात. घर सोडून गेलेल्या मुलांची पहिली दिवाळी या लांबलेल्या तासात येते. या दिवाळीत ज्यांचं मूल तिकडे आहे, त्यांनी त्याला नोकरीचं विचारू नये. जेवण झालं का एवढंच विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. आणि ज्यांचं मूल पुढच्या वर्षी जाणार आहे, त्यांनी विमानतळावरच्या फोटोखाली अभिमानाच्या ओळीनंतर आणखी एक शब्द लिहावा, जो आजीने उंबऱ्यावर सांगितला होता: येते.